टीएसएच कमी, बाकी सगळं नॉर्मल

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या रक्ताच्या रिपोर्टवर हल्ली एक गोष्ट वारंवार दिसते. टी-३ आणि टी-४ हे थायरॉईडचे दोन्ही हार्मोन लॅबने छापलेल्या मर्यादेत असतात. शेजारी टीएसएच मात्र ठळक अक्षरांत आणि खाली वळलेला बाण घेऊन: ०.०५, किंवा ०.२. मुलाने परस्पर चेकअपचं पॅकेज बुक केलेलं असतं, सकाळी घरी येऊन कुणीतरी रक्त घेऊन गेलेलं असतं, आणि ज्यांचं रक्त आहे त्यांची तक्रार काहीच नसते. पुढे बहुतेक वेळा दोनपैकी एक होतं. ‘टी-३, टी-४ चांगले आहेत, काळजी नको’ म्हणून कागद फाईलला लागतो, नाहीतर ‘थायरॉईड निघाला’ म्हणून घाईने गोळी सुरू होते. काही घरांत तर टीएसएच कमी म्हणजे थायरॉईड कमी असा उलटा अर्थ लावला जातो.

या अवस्थेला सबक्लिनिकल हायपरथायरॉईडिझम म्हणतात. थायरॉईड गरजेपेक्षा थोडी जास्त चालते आहे, पण हार्मोनचे आकडे अजून मर्यादेबाहेर गेलेले नाहीत, अशी ही स्थिती. तिशीतल्या माणसात ती सापडली तर बरेचदा नुसतं लक्ष ठेवून चालतं. पासष्टीनंतर मात्र हृदयाची लय आणि हाडं या दोन ठिकाणी तिची किंमत मोजावी लागू शकते, म्हणून तिथे विचार वेगळा करावा लागतो.

हार्मोन नॉर्मल असताना टीएसएच इतका खाली कसा जातो, हे आधी समजून घेऊ. टीएसएच थायरॉईडमधून येत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो, आणि थायरॉईडने किती काम करायचं हे तो ठरवतो. रक्तात थायरॉईडचे हार्मोन वाढले की पिट्युटरी टीएसएच कमी करते. यातली खुबी अशी की पिट्युटरी फार संवेदनशील असते: टी-४ दुप्पट झाला तर टीएसएच निम्मा होत नाही, तो शंभर पटींच्या आसपास घसरतो. शिवाय लॅबची ‘नॉर्मल’ मर्यादा हजारो लोकांना सामावणारी, म्हणून ऐसपैस असते. प्रत्येक माणसाची स्वतःची पातळी तिच्या आत एका अरुंद पट्ट्यात राहते. ज्या बाईंचा टी-४ आयुष्यभर १.० च्या आसपास होता, त्यांचा आज १.५ झाला तर लॅबच्या हिशेबात तो नॉर्मलच, पण त्यांच्या शरीराच्या हिशेबात तो जास्त आहे. लॅबला हे कळण्याचा मार्ग नाही. पिट्युटरीला कळतं, आणि टीएसएच पडतो. म्हणून ‘टी-४ नॉर्मल आहे’ एवढ्यावर विषय संपवणं चूक आहे.

तेवढीच मोठी चूक म्हणजे एका रिपोर्टवर निदान करणं. कमी टीएसएच खोटाही असू शकतो, आणि तशी कारणं नेहमीच्या जगण्यातलीच आहेत. न्यूमोनिया किंवा एखादं मोठं ऑपरेशन होऊन दवाखान्यात पडलेल्या माणसाचा टीएसएच त्या आजारपणानेच खाली येतो, बरं झाल्यावर आपोआप वर जातो. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही तो उतरतो. तिसरं कारण थोड्या वर्षांत फार पसरलं आहे: केस आणि नखांसाठी घेतलं जाणारं बायोटिन. या जीवनसत्त्वाची शरीराची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम. केसांच्या कॅप्सूलमध्ये ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे गरजेच्या शेकडो पट. त्याने थायरॉईडला काही होत नाही. मात्र तपासणीच्या अनेक यंत्रांची रासायनिक पद्धतच बायोटिनवर चालते, त्यामुळे रक्तातलं जादा बायोटिन त्या यंत्रांना फसवतं. टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी-४ खोटा जास्त. निदान दोन दिवस आधी कॅप्सूल बंद करून पुन्हा रक्त दिलं की खरं चित्र दिसतं. म्हणूनच डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या आणि डब्या पिशवीत घालून न्याव्यात. ‘औषधं काय घेता’ असं विचारल्यावर केसांची कॅप्सूल कुणी सांगत नाही, कारण तिला कुणी औषध समजतच नाही.

खोटी कारणं बाजूला झाली की पुढचा प्रश्न: थायरॉईडची गोळी चालू आहे का? कमी टीएसएचचं सगळ्यांत नेहमीचं कारण तेच, जरुरीपेक्षा जास्त थायरॉक्सीन. पंचावन्नाव्या वर्षी १०० मायक्रोग्रॅमची गोळी लागली, ती बरोबर बसली, आणि तीच गोळी पुढे पंचवीस वर्षं केमिस्टकडून येत राहिली. दरम्यान बाईंचं वजन ६८ वरून ५६ किलोवर आलं. स्नायू कमी झाले, शरीर हार्मोन पूर्वीपेक्षा सावकाश संपवू लागलं. गोळी तीच राहिली, पण आता ती जास्त पडू लागली. हे दुरुस्त करणं सोपं आहे: डोस १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमने उतरवायचा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहायचा. त्याआधी पाहून उपयोग नाही, कारण पिट्युटरीला नव्या पातळीवर स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. सत्तरीपुढच्या माणसात तर टीएसएच तरुणांसारखा १ किंवा २ वर आणायचा हट्टही नको. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या मार्गदर्शनानुसार सत्तर ते ऐंशीच्या वयात तो ४ ते ६ असला तरी चालतो. थोडी कमी गोळी थोड्या जास्त गोळीपेक्षा म्हातारपणी कमी नुकसान करते. एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवायचा: थायरॉईडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या काही जणांचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवलेला असतो. त्यांनी आपल्या मनाने गोळी कमी करू नये.

आता राहिले ते लोक, ज्यांची कुठलीही गोळी चालू नाही आणि पुन्हा तपासूनही टीएसएच कमीच येतो. त्यांची थायरॉईड खरोखर जास्त चालते आहे. तरुण माणसात याचं कारण बहुधा ग्रेव्हज हा आजार असतो. त्यात शरीरात तयार झालेल्या अँटिबॉडी थायरॉईडला चेव आणतात. म्हाताऱ्या माणसात, विशेषतः जुन्या काळी आयोडीन कमी मिळालेल्या भागांत, कारण बहुधा गाठी असतात. आयोडीन अपुरं पडलं की थायरॉईड वाढते, वर्षानुवर्षं वाढता वाढता तिच्यात गाठी होतात, आणि त्यातल्या काही गाठी पुढे पिट्युटरीचं ऐकेनाशा होतात. टीएसएच असो नसो, त्या हार्मोन बनवतच राहतात. आपल्याकडे गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, आणि आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोचायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. आज पंचाहत्तरीत असलेल्यांचं लहानपण त्याआधीचं आहे.

एक नमुना घेऊ. व्यक्ती खरी नाही, पण यातला प्रत्येक तपशील दवाखान्यात रोज दिसणारा आहे. ७३ वर्षांच्या काकू. रक्तदाबाची एक गोळी घेतात, बाकी ठणठणीत. वर्षभरात वजन ५८ वरून ५४ किलो झालं, त्याचं श्रेय त्या सकाळच्या चालण्याला देतात. टीएसएच ०.०५, टी-३ आणि टी-४ दोन्ही मर्यादेच्या वरच्या भागात, पण आतच. पिशवीतून केसांची कॅप्सूल निघते. ती बंद करून दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी: टीएसएच ०.०६. म्हणजे हा आकडा कॅप्सूलचा नव्हता. डॉक्टर काकूंना मान किंचित मागे करून पाण्याचा घोट गिळायला सांगतात. गिळताना गळ्याच्या उजव्या बाजूला सुपारीएवढा उंचवटा वर सरकून खाली येतो. गिळताना वरखाली होणारी गाठ ही थायरॉईडची खूण. “किती दिवसांपासून आहे, आजी?” “अहो, ती आईलाही होती,” एवढंच उत्तर.

मग टेक्निशियम स्कॅन होतो. शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देऊन थायरॉईडचा कोणता भाग काम करतो ते यात चित्रावर दिसतं. काकूंच्या चित्रात उजवीकडे दोन गाठी गडद उमटतात आणि बाकीची सगळी ग्रंथी फिकट, जवळजवळ पुसल्यासारखी. कारण उघड आहे. गाठींनी इतकं हार्मोन बनवलं की टीएसएच पडला, आणि टीएसएच नसल्याने निरोगी भाग झोपी गेला. हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढचा उपचारही समजतो. पण उपचाराआधी पाहायचं की या जादा हार्मोनने शरीरात काही सुरू केलं आहे का.

आधी हृदय. थायरॉईडचं हार्मोन हृदयाचे ठोके वाढवतं हे बहुतेकांना माहीत असतं. म्हाताऱ्या हृदयात ते त्याहून गंभीर काम करतं. एका ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी क्षणभर विश्रांती घेतात, आणि त्या क्षणात आलेला दुसरा विद्युत-संदेश त्या मानत नाहीत. हार्मोन जास्त झालं की वरच्या कप्प्यांतल्या पेशींची ही विश्रांती आखूड होते, आणि भलत्या जागांहून भलत्या वेळी संदेश निघू लागतात. वयाने आणि रक्तदाबाने वरचा डावा कप्पा आधीच ताणलेला, चिवट झालेला असतो. मग एके दिवशी तिथली लय पार तुटते. कप्पा आकुंचन पावायच्या ऐवजी नुसता थरथरतो. हे एट्रियल फिब्रिलेशन. त्यात धडधड होईलच असं नाही. ‘जिना चढताना दम लागतो’, ‘हल्ली उभारी वाटत नाही’, एवढीच तक्रार असते, आणि तीही वयाच्या खात्यावर जमा होते. खरा धोका वेगळाच. थरथरणाऱ्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात रक्त साचतं, त्याची गुठळी होते, ती सुटते आणि मेंदूत जाऊन अडकते. पक्षाघाताचा धोका या आजाराने सुमारे पाच पटींनी वाढतो.

कमी टीएसएच आणि ही बिघडलेली लय यांचं नातं पहिल्यांदा ठसठशीत दिसलं ते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम गावात. तिथल्या लोकांच्या हृदयाचा अभ्यास १९४८ पासून पिढ्यान् पिढ्या चालू आहे. साठीपुढच्या दोन हजार लोकांवर दहा वर्षं लक्ष ठेवून आलेले निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. टीएसएच नॉर्मल असलेल्या शंभरांपैकी साधारण ११ जणांना दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशन झालं. टीएसएच किंचित कमी असलेल्या शंभरांत हा आकडा १६, आणि ०.१ किंवा त्याहून कमी असलेल्या शंभरांत २८. पुढे २०१२ साली अनेक देशांमधल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तिथेही चढ तोच: टीएसएच ०.१ च्या खाली असेल तर धोका अडीच पट, ०.१ ते ०.४ च्या मध्ये असेल तर दीड पटीहून थोडा जास्त.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. २८ हा आकडा भीतीदायक आहे. पण उरलेल्या ७२ जणांना दहा वर्षांत काही झालं नाही, हेही त्यातच लिहिलेलं आहे. सगळ्यांना सरसकट उपचार द्यावा असं हा आकडा सांगत नाही. कुणाला द्यावा ते शोधा, असं सांगतो.

घरी करता येण्याजोगं एक काम आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. शांत बसून, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून नाडी पाहायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, पुरता एक मिनिट पाहायची. वेग किती यापेक्षा ताल कसा आहे याकडे लक्ष द्यायचं. अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं बऱ्याच म्हाताऱ्या माणसांत असतं. पण ठोक्यांना कसलाच ताल नसेल, दोन लगोलग, मग मोठी जागा, मग तीन, कुठलाही नमुना पुन्हा न येणारा, तर त्याच दिवशी ईसीजी काढावा. घरच्या रक्तदाबाच्या अनेक यंत्रांवर अनियमित ठोक्यांची खूण येते. ती वारंवार दिसली तर तिच्याकडेही काणाडोळा करू नये. ही लय येऊनजाऊन असू शकते, म्हणून एक ईसीजी चांगला निघाला तरी शंका असल्यास चोवीस तासांचा होल्टर लावतात. काकूंच्या ईसीजीत लय ठीक होती. होल्टरमध्ये मात्र वरच्या कप्प्यातून निघालेले जादा ठोके भरपूर, आणि मधूनमधून त्यांच्या पाच-सहा ठोक्यांच्या लडी. एट्रियल फिब्रिलेशन अजून झालेलं नव्हतं, पण त्याची तयारी चालू होती.

दुसरी जागा हाडांची. हाड हे कायम चालू असलेलं रस्त्याचं काम आहे: एक टोळी जुना थर खोदत जाते, दुसरी मागून येऊन खड्डा भरते. खोदण्याचं काम आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. निरोगी माणसात एका जागेचा हा पूर्ण फेरा सुमारे दोनशे दिवसांचा. थायरॉईडचं हार्मोन उघडपणे जास्त झालं की फेरा जवळजवळ निम्म्यावर येतो. दोन्ही टोळ्या घाईत असतात, पण भरणाऱ्यांना वेळ पुरत नाही, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडा खड्डा उरतोच. सबक्लिनिकल अवस्थेत हीच गोष्ट सौम्यपणे, सावकाश घडते. पाळी गेलेल्या बायकांचं हाड झिजण्यापासून राखणारं इस्ट्रोजेन आधीच संपलेलं असतं, म्हणून हे नुकसान त्यांना सगळ्यांत जास्त भोगावं लागतं. पुरुषही सुटत नाहीत, पण त्यांचं हाड मुळात जाड असतं.

हाड झिजण्याला लक्षण नसतं. पहिलं लक्षण म्हणजे मोडणं. २०१५ साली सत्तर हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा सबक्लिनिकल हायपरथायरॉईडिझम असलेल्यांत खुब्याचं हाड मोडण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने जास्त आढळला. टीएसएच ०.१ च्या खाली असलेल्यांत तो ६० टक्क्यांनी जास्त होता. खुब्याचं फ्रॅक्चर म्हणजे काय, हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. बाथरूममध्ये पाय घसरण्याआधी ज्या बाई स्वतःचं सगळं स्वतः करत होत्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणींना पुन्हा आधाराशिवाय चालता येत नाही. म्हणून टीएसएच खरोखर कमी असलेल्या साठीपुढच्या बाईचा डेक्सा स्कॅन करायलाच हवा. काकूंच्या खुब्याचा टी-स्कोअर उणे २.३ निघाला. उणे २.५ ला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे त्या उंबरठ्यावर होत्या.

आता मुख्य प्रश्न: उपचार कधी करायचा? अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या थायरॉईड संघटनांचं मत इथे जवळपास सारखं आहे. वय पासष्टच्या पुढे आणि टीएसएच पुन्हा पुन्हा तपासूनही ०.१ च्या खाली असेल, तर त्रास नसला तरी उपचार करावा. ०.१ ते ०.४ च्या मध्ये असेल तर माणूस पाहून ठरवावं: आधीच लय बिघडलेली आहे का, हृदय कमजोर आहे का, हाड ठिसूळ आहे का, वजन उतरतंय, हात कापतायत, असं काही आहे का. यातलं एखादं असेल तर उपचाराच्या बाजूने, काहीच नसेल तर थांबण्याच्या बाजूने.

थांबणं म्हणजे हलगर्जीपणा नाही. स्कॉटलंडच्या टेसाइड भागात असे दोन हजारांवर रुग्ण वर्षानुवर्षं पाहिले गेले. सात वर्षांत त्यांतल्या एक टक्क्याहूनही कमी लोकांना पूर्ण हायपरथायरॉईडिझम झाला, आणि एक तृतीयांशाहून जास्त जणांचा टीएसएच काही न करता नॉर्मल झाला. परत जाणाऱ्यांत मुख्यतः किंचित कमी टीएसएचवाले. म्हणून ०.२८ आकडा पाहून लगेच गोळी लिहिणं मला पटत नाही. तीन-चार महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासावं. पुष्कळदा ०.६ येतो आणि विषय तिथेच मिटतो.

एक गोष्ट रुग्णाला स्पष्ट सांगायला हवी, आणि ती फार क्वचित सांगितली जाते. उपचार केल्याने पक्षाघात टळतो किंवा खुबा मोडत नाही, असं मोठ्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीत कुणीही सिद्ध केलेलं नाही. छोट्या अभ्यासांत उपचारानंतर ठोके सावकाश होतात, जादा ठोके कमी होतात, पाळी गेलेल्या बायकांच्या हाडांची घसरण थांबते, एवढं दिसलं आहे. धोका वाढतो हे पक्कं, उपचाराने तो तेवढाच उतरतो हा वाजवी अंदाज. ०.१ च्या खाली धोका इतका मोठा आहे की या अंदाजावर चालणं शहाणपणाचं ठरतं. ०.३ वर ते ठरत नाही.

काकूंचं वय, ०.०६, होल्टरमधल्या लडी आणि खुब्याचा स्कोअर एकत्र ठेवल्यावर उपचाराबद्दल शंका राहत नाही. रस्ते दोन. पहिला कार्बिमाझोलच्या गोळीचा. थायरॉईड हार्मोन बनवते ती पायरीच ही गोळी अडवते. इतक्या सौम्य आजाराला रोज ५ मिलिग्रॅम, फार तर १०, पुरतात. पण गाठी गोळीने जात नाहीत. गोळी थांबली की त्या पुन्हा सुरू होतात, म्हणून ती जवळपास कायमची. तिचा एक दुर्मीळ पण जीवघेणा दुष्परिणाम घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवा. क्वचित एखाद्याच्या पांढऱ्या पेशी अचानक नाहीशा होतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. घसा दुखून ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून क्रोसिनवर दिवस काढायचे नाहीत. गोळी बंद करून त्याच दिवशी सीबीसी करायचं.

दुसरा रस्ता किरणोत्सारी आयोडीनचा. नाव ऐकूनच माणसं दचकतात, पण ही पद्धत १९४० च्या दशकापासून वापरात आहे. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६० च्या दशकापासून हे काम करत आलं आहे. एक कॅप्सूल किंवा घोटभर द्रव, कापाकापी नाही. आयोडीन थायरॉईडच शोषून घेते, त्यामुळे किरणांचं काम तिथेच होतं. काकूंच्या स्कॅनचा अर्थ इथे कामाला येतो. निरोगी भाग झोपलेला असल्याने तो आयोडीन फारसं घेणार नाही, घेणार त्या दोन गाठी. म्हणजे मार नेमका गाठींवर, आणि त्या शांत झाल्यावर झोपलेला भाग पुन्हा जागा होण्याची चांगली शक्यता. याच कारणाने आधी दीर्घकाळ कार्बिमाझोल देऊन टीएसएच वर आणणं इथे सोयीचं नसतं: निरोगी भाग जागा होतो आणि तोही किरणांच्या तोंडी जातो. औषध घेतल्यावर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहावं लागतं. घरात नातवंड असेल तर त्याची सोय आधीच लावून ठेवावी. परिणाम यायला दोन ते सहा महिने लागतात. पुढे काही वर्षांनी थायरॉईड कमी पडू शकते. त्यासाठी टीएसएच दरवर्षी पाहायचा, लागली तर थायरॉक्सीनची गोळी द्यायची. हा तोटा आहेच, पण कमी पडलेलं हार्मोन भरून काढणं जादा हार्मोन आवरण्यापेक्षा पुष्कळ सोपं.

ज्यांची लय आधीच बिघडून रक्त पातळ करणारी वॉरफेरीन चालू आहे, त्यांनी एक खबरदारी घ्यायची. जादा थायरॉईड हार्मोन रक्त गोठवणारे घटक लवकर संपवतं, म्हणून अशा माणसाला वॉरफेरीन कमी पुरते. थायरॉईड उपचाराने नॉर्मलला येऊ लागली की तोच डोस अपुरा पडतो. या काळात आयएनआर नेहमीपेक्षा लवकर लवकर तपासावा.

आणि ज्यांनी थांबायचं ठरवलं आहे, त्यांनी सहा महिन्यांनी टीएसएच, टी-३, टी-४ पुन्हा करावे. मधल्या काळात विनाकारण वजन उतरलं, नाडीचा ताल बिघडला किंवा दम लागू लागला तर सहा महिन्यांची वाट पाहू नये. गळ्यात गाठी असलेल्यांनी सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी ठरली की तिथल्या डॉक्टरांना थायरॉईडबद्दल आधी सांगावं. शिरेतून दिल्या जाणाऱ्या त्या औषधात आयोडीन असतं, त्यातून सुटं होणारं आयोडीनही रोजच्या गरजेच्या कित्येक पट भरतं, आणि पिट्युटरीचं न ऐकणाऱ्या गाठी त्याचं भराभर हार्मोन करतात. आजवर ०.२ वर निवांत असलेला माणूस अशा वेळी काही आठवड्यांत उघड हायपरथायरॉईडिझमपर्यंत जाऊ शकतो. स्कॅन गरजेचा असेल तर तो टाळायचा नाही. करायचा, आणि महिन्या-दीड महिन्याने थायरॉईडची तपासणी आठवणीने करून घ्यायची.